ब्राह्मी (विद्यार्थ्यांची स्मरणशक्ती)

बुद्धी आणि स्मरण वाढवणारी म्हणून आयुर्वेदात सांगितलेली वनस्पती. विद्यार्थ्यांना ती चूर्ण, सरबत, तूप किंवा गोळीच्या रूपात दिली जाते. ग्रंथांतील दावे आणि आधुनिक चाचण्या यांची सांगड घालण्याआधी ब्राह्मी म्हणजे नेमकी कोणती वनस्पती, हे ठरवावे लागते, कारण या एका नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. भारतीय आयुर्वेदिक औषधसंहितेनुसार ब्राह्मी म्हणजे बाकोपा मोनिएरी. ही पाणथळ जागी पसरते, तिची पाने लहान, मांसल व लांबट असतात, फुले पांढरट-जांभळी असतात आणि चव कडू असते. महाराष्ट्रात मात्र अनेक घरांत कुंडीतली गोल, कातरलेल्या कडेच्या पानांची वेल ब्राह्मी म्हणून दाखवतात. ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. खाली दिलेल्या चाचण्या बाकोपाच्या आहेत. त्यांचे निष्कर्ष कुंडीतल्या गोल पानांना लावता येत नाहीत.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात चार मेध्य, म्हणजे बुद्धी वाढवणारी, रसायने सांगितली आहेत: मंडूकपर्णीचा स्वरस, दुधाबरोबर ज्येष्ठमधाचे चूर्ण, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क, म्हणजे वाटून केलेला लगदा. या चौघांत ब्राह्मी नाही, आणि विशेष मेध्य म्हटले आहे ते शंखपुष्पीला. चरकात ब्राह्मीच्या रसात वेखंड, कोष्ठ व शंखपुष्पी घालून सिद्ध केलेले जुने तूप येते, पण ते उन्माद आणि अपस्मारावर, म्हणजे रोग्यासाठी. निरोगी माणसाच्या बुद्धीसाठी ब्राह्मीचा ठळक दावा सुश्रुतसंहितेत आहे. तेथे मंडूकपर्णी आणि ब्राह्मी यांचे प्रयोग वेगवेगळे दिले आहेत. ब्राह्मीचा ताजा स्वरस झेपेल तेवढा घ्यायचा, तो पचल्यावर दुपारनंतर बिनमिठाची पेज प्यायची. पहिल्या सात दिवसांत मनुष्य मेधावी होतो, दुसऱ्या सात दिवसांत हवा तो ग्रंथ रचू शकतो आणि विसरलेले पुन्हा आठवते, तिसऱ्या सात दिवसांनंतर दोनदा उच्चारलेल्या शंभर गोष्टीही ध्यानात राहतात, असे तेथे म्हटले आहे. याच ओघात पाचशे वर्षांचे आयुष्यही सांगितले आहे. तेव्हा हे वर्णन शब्दशः मोजमाप म्हणून वाचणे ग्रंथावरही अन्यायाचे ठरते. तपासण्यासारखा भाग एवढाच: एकवीस दिवस, आणि ऐकलेले टिकून राहणे.

मुदतीबाबत चाचण्यांचे उत्तर वेगळे आहे. ऑस्ट्रेलियात 2001 साली निरोगी प्रौढांना 300 मिलिग्रॅम अर्काची एकच मात्रा देऊन दोन तासांनी तपासले, तेव्हा काहीच फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या चाचणीत 46 जणांना बारा आठवडे अर्क किंवा तसेच दिसणारे निष्क्रिय औषध दिले. शब्दांची यादी शिकण्यात अर्क घेणारे पुढे गेले आणि परिणाम सर्वांत स्पष्ट दिसला तो बाराव्या आठवड्याला.

टिकून राहण्याबाबत 2002 सालची चाचणी अधिक बोलकी आहे. तिच्यात 40 ते 65 वयाच्या 76 जणांना तीन महिने औषध दिले. एकमेकांशी संबंध नसलेल्या शब्दांच्या जोड्या शिकण्याचा वेग वाढला नाही, पण शिकलेल्या जोड्या नंतर विचारल्यावर अर्क घेणाऱ्यांच्या अधिक लक्षात होत्या. म्हणजे पाठांतर लवकर झाले नाही, विसरणे कमी झाले. सहा चाचण्यांच्या 2012 मधील आढाव्यातही मुक्त स्मरणाच्या, म्हणजे शिकलेले काही सूचक न देता आठवण्याच्या, 17 कसोट्यांपैकी 9 मध्ये सुधारणा आढळली. बुद्धीच्या इतर अंगांबद्दल पुरावा तोकडा होता.

विद्यार्थ्यांवरची चाचणी नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात झाली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. वैद्यकीय शाखेच्या 60 विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांना सहा आठवडे रोज दोनदा 150 मिलिग्रॅम अर्क दिला. स्मरणाच्या काही कसोट्यांत त्यांची कामगिरी सुधारली. मोजल्या गेल्या त्या मानसशास्त्रीय कसोट्या, परीक्षेतले गुण नव्हेत. शाळकरी मुलांबाबत चित्र आणखी फिके आहे. लक्ष न लागणाऱ्या, चळवळ्या अशा 6 ते 14 वर्षांच्या 112 मुलग्यांना ऑस्ट्रेलियात चौदा आठवडे अर्क दिला, तेव्हा पालकांनी नोंदवलेल्या मुख्य वर्तनलक्षणांत निष्क्रिय औषधापेक्षा फरक पडला नाही. काही दुय्यम कसोट्यांत तेवढा लाभ दिसला.

फेब्रुवारी-मार्चच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी मुलाला जानेवारीअखेर गोळी सुरू केली, तर या चाचण्यांच्या हिशेबाने ती उशिराच झाली. बारा आठवडे धरायचे तर नोव्हेंबरच्या सुरुवातीला आरंभ करावा लागेल, आणि तेव्हाही अपेक्षा धरायची ती शिकलेले थोडे अधिक टिकण्याची. डोक्याला लावण्याच्या ब्राह्मी तेलाला हे निष्कर्ष लागू नाहीत, कारण चाचण्या पोटात घेतलेल्या प्रमाणित अर्काच्या आहेत. घरगुती चूर्णाची मात्राही अर्काच्या मिलिग्रॅमशी जुळवता येत नाही: 2001 च्या चाचणीतला 300 मिलिग्रॅम अर्क सुमारे 6 ग्रॅम सुक्या वनस्पतीपासून काढलेला होता, तर औषधसंहितेत चूर्णाची मात्रा 1 ते 3 ग्रॅम आहे. मळमळ, पोटात मुरडा आणि वारंवार शौचाला होणे हे नेहमी नोंदले गेलेले त्रास आहेत. ऐन परीक्षेच्या आठवड्यात पहिल्यांदाच गोळी दिली, तर लाभाआधी हा त्रासच पदरी पडण्याची शक्यता जास्त.