किरायाचं घर की स्वतःचं घर

किरायानं राहणं आणि घर विकत घेणं यांतलं कोणतं खरंच स्वस्त पडतं हे काढायचा हिशोब. आपल्याकडे हा हिशोब बहुतेक लोक महिन्याचा किराया आणि बँकेचा हप्ता एवढं दोनच आकडे समोर ठेवून करतात, आणि मग "किराया म्हणजे पाण्यात गेलेला पैसा, हप्ता म्हणजे आपल्याच घरात गेलेला पैसा" असं म्हणून विषय संपवतात. पण हप्त्यातला मोठा भाग बँकेचं व्याज असतो, तोही पाण्यातच जातो, आणि सुरवातीला जे पाच-सात लाख एकदम खिशातून जातात ते बाहेर ठेवले असते तर त्यांना व्याज मिळालं असतं, ते बुडालेलं व्याजही घराच्याच खर्चात धरावं लागतं. ते धरलं नाही तर हिशोब अर्धाच राहतो.

खेड्यात हा प्रश्न फारसा येत नाही, कारण तिथं किरायानं खोली मिळणंच कठीण आणि राहणारे सगळे आपापल्या वाड्यात नाहीतर घरकुलात. प्रश्न येतो तो तालुक्याच्या गावात, म्हणजे दारव्हा, दिग्रस, आर्णी, मोर्शी अशा ठिकाणी, जिथं जिल्हा परिषदेचे मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले लोक आणि पोरांच्या शाळेसाठी गाव सोडून आलेली शेतकरी कुटुंबं राहतात. इथली खासियत अशी की घरांचे भाव वाढलेत पण किराये त्या मानानं वाढलेच नाहीत, आणि बहुतेक निकाल या एका गोष्टीवर फिरतो.

एक उदाहरण पूर्ण करून बघू, आकडे समजायला सोपे जावे म्हणून गोल धरलेत, आपापल्या गावचे टाकून बघावेत. समजा एका मास्तरला तालुक्याच्या गावात लेआउटमधलं तयार घर २५ लाखाला मिळतंय. तसंच घर त्याच गल्लीत महिना ६ हजार किरायानं मिळतं, म्हणजे वर्षाला ७२ हजार. घराची किंमत वर्षाच्या किरायाच्या जवळपास ३५ पट झाली. बँक २० लाख देते, ५ लाख स्वतःचे भरावे लागतात. पण तेवढ्यावर भागत नाही, मुद्रांक शुल्क आणि नोंदणीला हिशोबापुरते ७ टक्के धरले तर पावणेदोन लाख झाले (नोंदणी फी १ टक्का पण जास्तीत जास्त ३० हजार, मुद्रांक शुल्क हद्द बघून बदलतं, आणि घर बाईच्या नावानं घेतलं तर त्यात १ टक्का सूट आहे), वर वकील, सर्च रिपोर्ट, बँकेची फाईल मिळून पंचवीस हजार. १० लाखाच्या वरच्या घराला बँक हे मुद्रांक-नोंदणीचे पैसे घराच्या किमतीत धरून कर्ज देऊ शकत नाही, तो रिझर्व्ह बँकेचा नियमच आहे, त्यामुळे हे सगळं रोख लागतं. एकूण खिशातून ७ लाख गेले, आणि त्यातले २ लाख असे की घर विकलं तरी परत येत नाहीत.

आता २० लाखाचं कर्ज साडेआठ टक्क्यानं २० वर्षांसाठी घेतलं तर हप्ता १७,३५६ रुपये येतो. घरपट्टी आणि डागडुजीला वर्षाला २८ हजार धरू. मास्तर सात वर्षं राहिला, मग बदली झाली आणि त्यानं घर विकलं असं समजू. सात वर्षांत त्यानं बँकेत साडेचौदा लाखाच्या वर भरले, पण कर्ज कमी झालं फक्त ३ लाख ६४ हजारानं, अजून १६ लाख ३६ हजार बाकी आहेत. जवळपास ११ लाख नुसतं व्याज गेलं. हा आकडा लोकांना पहिल्यांदा दाखवला की ते पासबुक काढून पुन्हा पुन्हा बघतात, पण सुरवातीच्या वर्षांत हप्त्यातलं मुद्दल थोडंच असतं, कर्जाची घडणच तशी आहे.

दुसऱ्या बाजूला त्याच मास्तरनं किरायानं राहून ते ७ लाख एफडीत टाकले, टॅक्स जाऊन ७ टक्के पडले असं धरा, तर सात वर्षांत त्याचे सव्वाअकरा लाख होतात. शिवाय हप्ता आणि डागडुजी मिळून जे जाणार होतं त्यातून किराया वजा केला तर पहिल्या वर्षी महिन्याला १३ हजार ६०० च्या वर उरतात. किराया दरवर्षी ५ टक्क्यानं वाढला म्हणून ही उरणारी रक्कम हळूहळू कमी होते, पण ती महिन्याच्या महिन्याला बाजूला टाकत गेला तर व्याजासकट त्याचे पावणेचौदा लाख होतात. दोन्ही मिळून सातव्या वर्षाच्या शेवटी किरायावाल्याच्या हातात २५ लाख.

म्हणजे घरवाल्याला बरोबरीत यायचं असेल तर घर विकून, बँकेचे १६ लाख ३६ हजार फेडून, दलालाचे पन्नास हजार देऊन, हातात २५ लाख उरले पाहिजेत. त्यासाठी घर जवळपास ४२ लाखाला विकलं जायला पाहिजे. २५ चे ४२ सात वर्षांत, म्हणजे दरवर्षी पावणेआठ टक्क्यानं भाव वाढायला पाहिजे, तेही सलग. बाहेर ठेवलेल्या पैशाला ७ ऐवजी ६ टक्केच मिळाले तर ही बरोबरी सव्वासात टक्क्यांच्या आसपास येते. भाव जर ४ टक्क्यानंच वाढला तर घर ३३ लाखाला जाईल आणि घरवाला ९ लाखानं मागं पडेल, १० टक्क्यानं वाढला तर साधारण ७ लाखानं पुढं जाईल.

इथंच एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. किरायावाल्याचा वरचा सगळा फायदा त्या दर महिन्याला बाजूला टाकलेल्या पैशावर उभा आहे. तो पैसा गाडीच्या हप्त्यात, लग्नात, नवीन मोबाइलमध्ये गेला आणि फक्त सुरवातीची एफडी राहिली तर त्याच्याकडे सव्वाअकरा लाख उरतात, आणि ४ टक्क्यानं वाढलेलं घर विकणाऱ्याकडे तेव्हा १६ लाख असतात. म्हणजे भाव कमी वाढूनही घरवाला जिंकला, कारण बँकेनं त्याच्याकडून मुद्दल जबरदस्तीनं भरून घेतलं. ज्याला पगाराच्या दिवशीच पैसे आरडीत नाहीतर पीपीएफमध्ये वळते करायची सवय नाही त्यानं किरायाचा हिशोब कागदावर कितीही चांगला दिसला तरी स्वतःला लागू धरू नये.

भाववाढीचं आणखी एक आहे, भाव वाढतो तो जागेचा, बांधकामाचा नाही. बांधकाम दरवर्षी जुनं होत जातं, आणि आपल्या काळ्या मातीत तर जरा लवकरच होतं. ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला भेगा पडतात, त्या हालचालीनं पायाही हलतो. पाया मुरमापर्यंत नेला नसेल किंवा खोदून मुरूम भरलेला नसेल तर खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून तिरप्या भेगा निघतात, पावसाळ्यात दारं अडकायला लागतात आणि उन्हाळ्यात पुन्हा मोकळी होतात. वरून प्लास्टर आणि डिस्टेंपर मारला की भेग सहा महिने दिसत नाही, म्हणून घर मे महिन्यात एकदा आणि भर पावसाळ्यात एकदा, असं दोनदा बघावं. गळणारा स्लॅब आणि उन्हाळ्यात आटणारी बोअर हे दोन खर्च त्याहून वेगळे. या तिन्ही गोष्टी किरायेदाराच्या डोक्यावर नसतात, तो घरमालकाला फोन करतो, नाहीच ऐकलं तर दुसरीकडे राहायला जातो. त्यामुळे डागडुजीला किमतीचा १ टक्का धरला तो काही जास्त नाही. माझं प्रामाणिक मत असं की ज्या लेआउटमध्ये घर घ्यायचंय तिथंच आधी एक वर्ष किरायानं राहावं, सगळे ऋतू बघून होतात.

कागदावरून तर सगळा हिशोबच पालटू शकतो. लेआउट एनए नसेल, किंवा जागेला फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असेल, तर बँका सहसा होम लोन देत नाहीत. नमुना ८ ही घरपट्टीची नोंद आहे, तो मालकीचा पुरावा नाही. मग लोक पतसंस्थेकडे जातात. तिथं १२ टक्के धरले तरी त्याच २० लाखाचा हप्ता १७ हजारावरून थेट २२ हजारावर जातो, आणि बरोबरीसाठी लागणारी भाववाढ आणखी वर सरकते. शिवाय असं घर विकायला काढलं की पुढच्या गिऱ्हाइकालाही बँकेचं कर्ज मिळत नाही, तो रोखीवालाच शोधावा लागतो आणि रोखीवाला भाव पाडून मागतो. टॅक्सच्या सवलतीचं म्हणाल तर ती व्याजावर वर्षाला २ लाखापर्यंत आहे, पण जुन्या पद्धतीनं रिटर्न भरणाऱ्यालाच, नवीन पद्धतीत स्वतः राहता त्या घराला ती मिळत नाही.

शेतकरी कुटुंबासाठी ते ७ लाख बाहेर काय कमावतात हा प्रश्न वेगळ्याच तऱ्हेनं विचारावा लागतो, कारण एफडी हा त्यांचा खरा पर्याय नसतोच. घरात सावकाराचं किंवा कृषी केंद्रवाल्याचं शेकडा ३ रुपये महिन्यानं कर्ज चालू असेल तर ते वर्षाला ३६ टक्के झालं. ते आधी फेडणं म्हणजे त्या पैशावर ३६ टक्के कमावणं, आणि कोणत्याही तालुक्याच्या गावातलं घर तेवढं देत नाही. तेच कर्ज बँकेचं पीक कर्ज असेल तर गोष्ट उलटी, ३ लाखापर्यंतचं पीक कर्ज वेळेवर फेडलं तर केंद्राची सवलत आणि राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून व्याज शून्यावर येतं, मग ते मुदतीआधी फेडून टाकण्यात काही कमाई नाही, फक्त तारीख चुकवायची नाही.

आणि ज्याच्याकडे बापाची गावठाणातली जागा आहे त्याला तर वरचं गणित लागूच पडत नाही. जागेचे पैसे द्यायचे नाहीत, खरेदीचं मुद्रांक शुल्क नाही, घरकुलात नाव आलं तर सपाट भागात १ लाख २० हजार अनुदान मिळतं, बाकी घरचे भरतात. अशा घराची किंमत किरायाच्या कितीपट हे विचारण्यातही अर्थ नाही कारण गावात ते कोणी किरायानं घेणार नाही आणि विकत घेणारेही शेजारचेच एक-दोन. तिथं बघायचं एवढंच की जागा अजून आजोबाच्याच नावानं तर नाही ना. भावांची वाटणी तोंडीच झाली असेल तर आधी ती कागदावर आणून नोंद करून घ्यावी, पाया त्यानंतर खोदावा.