५००० की ४८५५?

परवा फोनची बॅटरी बदलायला दुकानात गेलो. मुलाने मागचं झाकण गरम करून उचकटलं आणि जुनी बॅटरी काढून टेबलावर ठेवली. खोक्यावर ५००० एमएएच, म्हणजे मिलिअँपिअर-तास, छापलेलं होतं, ते मला पाठ होतं. बॅटरीच्या लेबलवर मात्र दोन आकडे होते. ‘टिपिकल’ ५००० आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात ‘रेटेड’, शंभरेक एमएएचने कमी. मी विचारलं, तर तो म्हणाला, “सगळ्यांवर असंच असतं काका.”

खरंच असतं. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस२३ अल्ट्राची जाहिरात ५००० एमएएचची, पण तळटीपेत रेटेड क्षमता ४८५५ दिलेली आहे. १४५ एमएएचचा, म्हणजे जेमतेम तीन टक्क्यांचा फरक. हे १४५ कोणी खाल्लेले नाहीत. दोन आकडे दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं आहेत. टिपिकल म्हणजे अशा बॅटऱ्यांची सरासरी. रेटेड म्हणजे ‘यापेक्षा कमी देणार नाही’ असा कंपनीचा शब्द.

एकाच कारखान्यातल्या, एकाच दिवशीच्या दोन बॅटऱ्यासुद्धा सारख्या नसतात. आत तांब्याच्या पातळ पत्र्यावर ग्राफाइटचा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर लिथियमच्या ऑक्साइडचा लेप असतो, साधारण केसाच्या जाडीचा. हा लेप मैलोन् मैल लांब पत्र्यावर चढवताना कुठे किंचित जाड बसतो, कुठे पातळ. जितकं द्रव्य कमी, तितका साठा कमी. पुढे सेल पहिल्यांदा चार्ज होतो तेव्हा थोडं लिथियम ग्राफाइटवर एक संरक्षक पापुद्रा तयार करण्यात कायमचं अडकतं. तेही प्रत्येक सेलमध्ये सारखंच अडकत नाही.

समजा, सरासरी ५००० आहे आणि विखुरणं, म्हणजे प्रमाणित विचलन, ५० एमएएच आहे (हा आकडा मी फक्त हिशेबासाठी घेतला आहे). मग निम्मे सेल ५०००च्या खालीच भरणार. कंपनीने ५०००ची हमी दिली तर निम्मा माल नापास! ४८५५वर रेघ ओढली, तर हजारात दोनेक सेल त्याखाली जातील, आणि कारखान्यात प्रत्येक सेलची क्षमता मोजून वर्गवारी करताना ते बाजूला काढता येतात. रेटेड आकडा असा सरासरीपासून थोडा खाली, सुरक्षित अंतरावर ठेवलेला असतो.

मोजायची पद्धतही ठरलेली आहे. आयईसी ६१९६० या मानकाप्रमाणे सेल पूर्ण चार्ज करायचा, थोडा वेळ तसाच ठेवायचा, मग २० अंश सेल्सिअसच्या आसपास, क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतक्या करंटने ठरलेल्या व्होल्टेजपर्यंत रिकामा करायचा. ५०००च्या बॅटरीला हा करंट सुमारे एक अँपिअर, म्हणजे रिकामं व्हायला पाच तास लागतात. या अटी बदलल्या की आकडाही बदलतो. थंडीत आतल्या द्रवातून आयन सावकाश सरकतात, व्होल्टेज लवकर घसरतं आणि साठा शिल्लक असतानाच बॅटरी ‘संपते’. पॅनासॉनिकच्या एनसीआर१८६५०बी या दंडगोल सेलच्या माहितीपत्रकात हे छान दिसतं. २० अंशांना रेटेड ३२००, २५ अंशांना किमान ३२५०, आणि टिपिकल ३३५०. सेल तोच, आकडे तीन. दुकानदार अर्थातच त्यातला सगळ्यात मोठा सांगतो.

पॉवर बँकेवरचं ‘रेटेड’ मात्र यात मिसळू नका. तिथे १०,००० एमएएच हा आतल्या सेलचा आकडा, साधारण ३.७ व्होल्टला. बाहेर पाच व्होल्ट द्यावे लागतात. १० अँपिअर-तास गुणिले ३.७ म्हणजे ३७ वॉट-तास, ते भागिले पाच म्हणजे ७४०० एमएएच, त्यातून रूपांतरातली गळती वजा केली की हाती सहा हजारांच्या आसपास उरतात. तिथली तफावत खूप मोठी दिसते, पण ती व्होल्टेजची आणि गळतीची आहे. सेलच्या सरासरीशी तिचा संबंध नाही.

फोनमधला तीन टक्क्यांचा फरक रोजच्या वापरात कळणारही नाही. दिवसभर चालणाऱ्या फोनमध्ये तो अर्ध्या-पाऊण तासाचा, आणि स्क्रीनचा उजेड थोडा वाढवला की तेवढा तसाही जातो. तो बोचतो जुन्या बॅटरीची तब्येत ठरवताना. युरोपीय संघात जून २०२५पासून लागू झालेल्या नियमानुसार फोनच्या बॅटरीत ८०० पूर्ण चार्ज-चक्रांनंतर रेटेड क्षमतेच्या किमान ८० टक्के शिल्लक राहिली पाहिजे. ४८५५चे ८० टक्के म्हणजे ३८८४. ५०००चे धरले तर ४०००. वापरून ३९५० एमएएचवर आलेली बॅटरी या नियमात पास होते, आणि खोक्यावरच्या आकड्याने मोजली तर नापास.