झोपताना १९०, पहाटे ५५

समजा, पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ आहेत. शुगरसाठी सकाळी ग्लिमेपिराइडची गोळी आणि रात्री इन्सुलिन घेतात. एका शनिवारी आठ ते अकराच्या दरम्यान त्यांनी व्हिस्कीचे तीन लार्ज पेग घेतले. चखण्याला वेफर्स आणि भजी होती, ग्लासात कोल्ड्रिंक होतं, जेवण मात्र राहिलं. घरी आल्यावर मीटरने १९० दाखवलं, म्हणून त्यांनी इन्सुलिन दोन युनिट जास्त घेतलं आणि झोपले.

चूक इथेच झाली. हे १९० कोल्ड्रिंक आणि भज्यांचं होतं. दारूचा परिणाम अजून दिसायचा होता, पहाटे शुगर ५५ वर आली.

उपाशीपोटी रक्तात साखर पुरवायचं काम प्रामुख्याने यकृताचं. ते आधी साठवलेलं ग्लायकोजेन फोडतं आणि सोबत लॅक्टेट, अमिनो आम्लं यांच्यापासून नवी साखरही बनवतं. अल्कोहोलचं विघटन होताना यकृतातला ‘एनएडी’ नावाचा रेणू मोठ्या प्रमाणात खर्ची पडतो. नवी साखर बनवायलाही तोच लागतो, त्यामुळे ते काम मंदावतं. ग्लायकोजेन शिल्लक असेतो निभावतं. जेवण चुकवलेल्याचा हा साठा मात्र आधीच कमी असतो.

साठ मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम अल्कोहोल असतं आणि यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम निकालात काढतं. म्हणजे तीन पेग संपायला सहा ते साडेआठ तास, पहाटेचे दोन ते साडेचार. तोवर इन्सुलिन आपलं काम करतच असतं. निरोगी माणसाचं शरीर अशा वेळी इन्सुलिन आपोआप कमी करतं. टोचलेलं इन्सुलिन मागे घेता येत नाही, आणि ग्लिमेपिराइड तर स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावतं.

धोका पहाटेनंतरही राहतो. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात टाइप १ मधुमेह असलेल्या सहा पुरुषांना रात्री नऊनंतर वाइन दिली. दुसऱ्या दिवशी नाश्ता होऊनही दहा ते बाराच्या दरम्यान सहापैकी पाच जणांची शुगर इतकी उतरली की उपचार करावे लागले. वाइनऐवजी पाणी प्यायले त्या वेळी एकालाही ते लागलं नाही. सहा जणांचा लहानसा प्रयोग, पण फरक ठळक होता.

घरच्यांची पंचाईत वेगळीच. घाम, तोतरं बोलणं, तोल जाणं, चिडचिड ही लक्षणं शुगर उतरल्याची आणि दारू चढल्याचीही. तोंडाला वास येतोय म्हणून ‘झोपू दे’ म्हणण्याआधी बोटातून थेंबभर रक्त घेऊन मोजावं. ७०च्या खाली असेल आणि माणूस गिळू शकत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं आणि वर पोळी किंवा भात खायला द्यावा, कारण यकृत अजून मोकळं झालेलं नसतं. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये, थेट दवाखाना गाठावा. ग्लुकागॉनचं इंजेक्शन घरी असेल तर जरूर द्यावं, पण ते यकृतातलाच साठा बाहेर काढतं आणि अशा रात्री तो साठाच कमी असल्याने त्याचा गुण कमी येऊ शकतो. दवाखान्यात शिरेतून थेट ग्लुकोज देतात.