चित्रफितीच्या लांबीत संगीत बसवणे

तयार संगीतातला मधला भाग काढून किंवा एखादा भाग पुन्हा वापरून ते चित्रफितीच्या वेळेत बसवण्याची ही ध्वनिसंपादनातली रीत आहे. चित्र संपेल तिथे आवाज हळूहळू कमी करणे सोपे असते, पण त्यात रचनेचा खरा शेवट हरवतो. म्हणून सुरुवात आणि शेवट जागेवर ठेवून कात्री मध्ये चालवतात.

समजा, संगीत २ मिनिटे ४० सेकंदांचे आणि चित्रफीत १ मिनिट ३४ सेकंदांची आहे. मिनिटाला १२० ठोके, चार ठोक्यांचा एक बार, म्हणजे एक बार २ सेकंदांचा आणि सारे संगीत ८० बारचे. काढायचे आहेत ६६ सेकंद, म्हणजे ३३ बार. पण इथली चाल आठ-आठ बारच्या ओळींत चालते. ३३ काढले तर एक ओळ लंगडी होते आणि गणित न जाणणाऱ्या कानालाही ते खटकते. म्हणून १७ ते ४८ हे ३२ बार काढावेत. उरलेले २ सेकंद शेवटच्या सुराच्या गुंजनाचे असतील, तर ते नामावलीवर रेंगाळू द्यावेत. तशी सोय नसेल तर सूर न बदलता वेग सुमारे २ टक्के वाढवावा. एवढा फरक सहसा कळत नाही.

जोड ४९व्या बारच्या पहिल्या ठोक्याच्या किंचित आधी, १० ते ३० मिलिसेकंदांच्या क्रॉसफेडने, म्हणजे एक आवाज विरत असताना दुसरा वर आणून, घेतात. ठोका त्याला झाकतो. क्रॉसफेड लांबवला तर दोन्हीकडचे ठोके मागेपुढे पडून दुहेरी ऐकू येतात. खरी अडचण गुंजनाची असते. १६व्या बारचा सूर अजून घुमत असताना कापला तर तो गिळल्यासारखा वाटतो. अशा वेळी त्या शेवटच्या सुराला वेगळ्या ट्रॅकवर थोडा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, देऊन त्याची शेपटी जोडापलीकडे नेतात.

लांबी वाढवतानाही हेच नियम लागू होतात. मात्र लक्षात राहणारी सुरावट पुन्हा आली की श्रोता ती लगेच ओळखतो. त्यामुळे पुनरावृत्तीसाठी नुसत्या साथीचा भाग निवडणे चांगले.

तबल्याच्या साथीच्या हिंदुस्थानी संगीतात बारऐवजी आवर्तन, म्हणजे तालाचा एक पूर्ण फेरा, मोजावे लागते. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कापण्याचा मोह होतो, पण मुखडा, म्हणजे समेवर येऊन पोहोचणारी बंदिशीची सुरुवातीची ओळ, समेच्या आधीच उठतो आणि समेवर कापले की तो तुटतो. म्हणून दोन्ही आवर्तनांत मुखडा उठण्यापूर्वीची एकच मात्रा शोधावी. शिवाय मैफलीत लय चढत जाते. दूरच्या दोन आवर्तनांचा जोड मात्रा बरोबर असूनही धक्का देतो. शक्यतो जवळची आवर्तने घ्यावीत.

जोड तपासताना पडद्याकडे पाहू नये. दहा सेकंद आधीपासून, हाताने मात्रा धरत ऐकावे. जोडाशी हात अडखळला तर जागा चुकली आहे, क्रॉसफेड नव्हे.