मीटर सेतूमागची गोष्ट: बॅटरीवर भरवसा नको म्हणून

१८२७ मध्ये ओहमने प्रवाह, विभवांतर आणि रोध यांचा संबंध मांडला. तरीही रोध मोजणे सोपे झाले नाही. त्या काळच्या विद्युतघटातून वाहणारा प्रवाह थोड्याच वेळात मंदावत असे. आधी ओळखीची तार जोडून गॅल्व्हॅनोमीटरचे विक्षेपण पाहायचे आणि मग तिच्या जागी अनोळखी तार जोडायची, तर तेवढ्या वेळात घटच बदललेला असे. काट्यातला फरक तारेमुळे पडला की घटामुळे, हे सांगता येत नसे.

यातून सुटायचे तर दोन्ही तारांवर एकाच क्षणी एकच घट लागू झाला पाहिजे. वुलिचच्या लष्करी अकादमीतल्या सॅम्युअल हंटर ख्रिस्टीने १८३३ मध्ये अशी जोडणी वर्णिली. निरनिराळ्या धातूंमधल्या विद्युतचुंबकीय प्रवर्तनाची तो तुलना करत होता, आणि त्याच्या लेखातली ही मांडणी फारशी कुणाच्या नजरेत भरली नाही. दहा वर्षांनी, १८४३ मध्ये, चार्ल्स व्हीटस्टनने रॉयल सोसायटीपुढच्या व्याख्यानात ती रोध मोजण्याचे साधन म्हणून पुढे आणली. मूळ कल्पना ख्रिस्टीची आहे, असे त्याने स्वतः लिहून ठेवले होते. तरी नाव व्हीटस्टनचेच रूढ झाले; ख्रिस्टीवर हा अन्यायच म्हणायला हवा.

या मांडणीत, म्हणजे व्हीटस्टन सेतूत, चार रोध चौकोनात जोडतात. समोरासमोरच्या एका जोडीच्या कोपऱ्यांना घट असतो, उरलेल्या दोन कोपऱ्यांमध्ये गॅल्व्हॅनोमीटर. घटाचा प्रवाह दोन वाटांनी वाहतो. एका वाटेवर P आणि Q, दुसऱ्या वाटेवर R आणि S. गॅल्व्हॅनोमीटरच्या दोन्ही टोकांचे विभव सारखे झाले की त्यातून प्रवाह जात नाही. म्हणजे P वर जितके विभव घटते तितकेच R वर, आणि Q वर जितके तितकेच S वर. यातून संतुलनाची अट मिळते:

P/Q = R/S

या अटीत घटाचे विभवांतर कुठेच नाही. घट अर्ध्यावर आला तरी दोन्ही वाटांवरची विभवे त्याच प्रमाणात घटतात, आणि काटा शून्यावरच राहतो. गॅल्व्हॅनोमीटरच्या मोजपट्टीवरही भिस्त उरत नाही. त्याने फक्त प्रवाह आहे की नाही एवढे सांगायचे असते.

मीटर सेतूमध्ये यातल्या दोन रोधांच्या जागी १०० सेंटिमीटरची एकसारखी जाड तार ताणलेली असते. या रूपाचे श्रेय सहसा किर्खहॉफला देतात. तारेचा रोध लांबीच्या प्रमाणात असल्याने रोधांचे गुणोत्तर थेट मोजपट्टीवर वाचता येते. गॅल्व्हॅनोमीटरला जोडलेली जॉकी, म्हणजे हातात धरायची धातूची कळ, तारेवर टेकवत जायचे; जिथे काटा शून्यावर येतो तो संतुलन बिंदू. तारेला जोडलेल्या पट्ट्यांमधल्या डाव्या फटीत अज्ञात रोध X, उजव्या फटीत रोधपेटीतला ज्ञात रोध R, आणि डाव्या टोकापासून संतुलन बिंदू l सेंटिमीटरवर असेल, तर X/R = l/(100 − l).

समजा R = १० ओहम ठेवला आणि बिंदू ४१.२ सेंमीवर मिळाला. X सुमारे ७.०१ ओहम येतो. आता X आणि R यांची अदलाबदल करा. सेतू निर्दोष असता तर बिंदू ५८.८ वर यायला हवा होता. तो ५८.४ वर आला तर X सुमारे ७.१२ ओहम येतो. तार टोकांना तांब्याच्या पट्ट्यांशी जिथे जोडलेली असते तिथला रोध मोजपट्टीवर दिसत नाही, आणि दोन टोकांचा तो सारखा नसतो. हा फरक तिथून येतो. X च्या बाजूच्या दोन लांबी ४१.२ आणि ४१.६, सरासरी ४१.४ घेतली की X सुमारे ७.०६ ओहम मिळतो. सरासरीने टोकांमधला फरक जातो, पण दोन्ही टोकांना समान असलेला दोष थोडा उरतो. बिंदू मध्याजवळ असेल तर तोही नगण्य होतो. म्हणून R बदलून ७ ओहम ठेवणे आणि पुन्हा वाचन घेणे शहाणपणाचे.

मध्याजवळ राहण्याचे आणखी एक कारण आहे. वाचनात १ मिलिमीटरची चूक झाली, तर ५० सेंमीजवळ उत्तर ०.४ टक्क्याने चुकते. १० सेंमीजवळ तीच चूक सुमारे १.१ टक्का होते.

जॉकी तारेवर घासत नेऊ नये, टेकवून उचलावी. घासल्याने तार जागोजागी बारीक होते आणि लांबी व रोध यांचे प्रमाण बिघडते. मोजणीआधी जॉकी दोन्ही टोकांजवळ टेकवून पाहावी. काटा विरुद्ध दिशांना हलला तर जोडणी ठीक; एकाच दिशेला हलला तर एखादा स्क्रू सैल आहे किंवा एखाद्या फटीतली जोडणी तुटलेली आहे.

टोकांच्या दोषावर नेमका उपाय केरी फॉस्टरने १८७२ मध्ये सुचवला. त्याने तारेच्या दोन्ही टोकांना लागून दोन रोध जोडले आणि त्यांची अदलाबदल करून संतुलन बिंदू किती सरकतो ते पाहिले. हे सरकणे गुणिले तारेचा दर सेंटिमीटरमागचा रोध, एवढाच त्या दोन रोधांमधला फरक असतो. टोकांचे रोध दोन्ही वेळा जागचे हलत नाहीत, त्यामुळे वजाबाकीत ते पूर्णपणे गळून पडतात.