बिलाच्या चित्रातला आयआरएन, अ‍ॅक नंबर आणि तारीख: तीन रकाने, तीन वेगळे उगम

खरेदीचं बिल स्कॅन होऊन येतं. त्यावर क्यूआर कोडशेजारी तीन ओळी असतात: `IRN` म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, `Ack No.` म्हणजे त्या नोंदणीच्या पोचेचा क्रमांक आणि `Ack Date` म्हणजे पोचेची तारीख. खरेदी नोंदवणाऱ्या सॉफ्टवेअरने या ओळी चित्रातून उचलायच्या आणि क्यूआरमधल्या माहितीशी जुळवायच्या, असं काम आता बऱ्याच हिशेब विभागांत चालतं. काम करायला बसलं की लगेच एक अडचण जाणवते: तिन्ही रकाने एकाच पद्धतीने तपासता येत नाहीत. याचं कारण ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर बिल नोंदवण्याची पद्धत, कशी घडत गेली त्यात आहे.

जीएसटी परिषदेने 21 जून 2019 च्या 35व्या बैठकीत व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांमधल्या बिलांसाठी ई-इन्व्हॉइस टप्प्याटप्प्याने आणायचं ठरवलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गोव्यातल्या 37व्या बैठकीत बिलाचा प्रमाणित नमुना मंजूर झाला आणि डिसेंबरमध्ये ई-इन्व्हॉइसची तरतूद करणारा जीएसटीचा नियम 48(4) आला. प्रत्यक्ष सक्ती 1 ऑक्टोबर 2020 पासून, तीही आधी फक्त 500 कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्यांना. पुढे मर्यादा उतरत उतरत 1 ऑगस्ट 2023 पासून 5 कोटींवर आली. सुरुवातीच्या मोठ्या कंपन्या आपल्या प्रणालीतून नेटकी पीडीएफ पाठवत. मर्यादा खाली आली तशी मोबाइलवर काढलेले फोटो आणि डॉट मॅट्रिक्सवर छापलेली बिलंही टेबलावर यायला लागली. चित्र वाचण्याचा प्रश्न खरा तिथून सुरू झाला.

आयआरएन म्हणजे 64 अक्षरांचा हॅश. विक्रेत्याचा जीएसटीआयएन, आर्थिक वर्ष, दस्तऐवजाचा प्रकार आणि दस्तऐवजाचा क्रमांक, एवढ्या चार गोष्टींवरून एसएचए-256 पद्धतीने तो निघतो. सुरुवातीच्या कल्पनेत विक्रेत्याच्या सॉफ्टवेअरनेच हा हॅश काढून पाठवायची सोय होती. आता नोंदणी पोर्टल स्वतः तो तयार करतं आणि तोच ग्राह्य धरला जातो. या चारांत रक्कम नाही, ही गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. हॅशचा हेतू तेच बिल दुसऱ्यांदा नोंदवता येऊ नये, एवढाच. छापील बिलावर कोणी 1,08,000 चे 1,80,000 केले तरी आयआरएन तोच राहतो. ‘हॅश जुळला म्हणजे बिल खरं’ असं मानून पुढे जाणारी तपासणी मी अर्धवटच म्हणेन.

रकमेचं रक्षण करते ती क्यूआरमधली डिजिटल सही. हा कोड म्हणजे `RS256` ने सही केलेला जेडब्ल्यूटी असतो, म्हणजे टिंबांनी जोडलेले तीन तुकडे. मधल्या तुकड्यात विक्रेता आणि खरेदीदार यांचे जीएसटीआयएन, बिलाचा क्रमांक व तारीख, एकूण रक्कम, मालाच्या ओळींची संख्या, मुख्य मालाचा एचएसएन कोड आणि आयआरएन असतो. 2019 च्या आराखड्यातल्या यादीत आयआरएन मिळाल्याची तारीख नव्हती. `IrnDt` हा रकाना नंतर आला. अ‍ॅक नंबर मात्र तेव्हाही नव्हता आणि आजही नाही.

```python
import json, base64
h, p, s = qr.split(".")
p += "=" * (-len(p) % 4)
d = json.loads(json.loads(base64.urlsafe_b64decode(p))["data"])
print(d["Irn"], d["IrnDt"], d["TotInvVal"])
```

एवढ्याने मजकूर उलगडतो, सही तपासली जात नाही. त्यासाठी पोर्टलवर मिळणारी सार्वजनिक किल्ली लावावी लागते.

मग अ‍ॅक नंबर कशासाठी? 64 अक्षरं हाताने टाकणं कोणालाच जमणारं नाही. म्हणून पोर्टलवर बिल शोधायला किंवा छापायला हा 15 अंकी सोपा क्रमांक दिला गेला. बिलावर तो छापलाच पाहिजे असंही नाही. नियम 46 आयआरएन पोटात असलेला क्यूआर मागतो, त्याखाली छापलेल्या ओळी ही सोय आहे. परिणामी चित्रातून वाचलेल्या अ‍ॅक नंबरला त्याच चित्रात दुसरा साक्षीदार नसतो. एक अंक चुकीचा वाचला गेला तर ते कळायला पोर्टलवरच जावं लागतं. खरेदीदाराला पोर्टलवर मिळणाऱ्या जीएसटीआर-2बी या विवरणात आयआरएन आणि त्याची तारीख यांचे रकाने आहेत, अ‍ॅक नंबरचा नाही. त्यामुळे बिलाची ओळख म्हणून मी आयआरएनच धरतो. अ‍ॅक नंबर 15 अंकी आहे ना एवढं पाहून टिपून ठेवतो, तोही मजकूर म्हणून. एक्सेलच्या साध्या रकान्यात टाकला तर तो 1.12E+14 असा दिसतो आणि फाइल सीएसव्ही करून पुढे गेली की मूळ अंक हरवतात.

एक बिल पाहू, आकडे उदाहरणापुरते. बिलाची तारीख 28 मार्च 2024. छापलंय `Ack Date : 3-Apr-24`. क्यूआरमधून येतं `DocDt` = `28/03/2024` आणि `IrnDt` = `2024-04-03 11:42:00`. तीन ठिकाणी तारखेच्या तीन धाटण्या. तपासणाऱ्या प्रोग्रॅमने अक्षराला अक्षर लावलं तर चांगलं बिलही नापास होतं. वेळ सोडून फक्त दिवस जुळवायचा, आणि तो `IrnDt` शी. बिलाच्या तारखेशी नव्हे. बिल मार्चचं आणि नोंद एप्रिलची असली तरी हॅशमधलं आर्थिक वर्ष बिलाच्या तारखेवरून, म्हणजे 2023-24 धरलं जातं. रक्कम छापील 1,18,000 आणि क्यूआरमध्ये 117999.6 निघाली, हा रुपयाच्या पूर्णांकाचा फरक आहे, तेवढी सूट ठेवावी लागते.

याच बिलावर आयआरएन दोन ओळींत तुटलाय आणि पहिल्या ओळीच्या शेवटी जोडरेघ आहे. ती काढून दोन्ही तुकडे जोडले की 64 अक्षरं भरली पाहिजेत. हॅशमध्ये फक्त 0 ते 9 आणि `a` ते `f` येतात. वाचनात `o` किंवा `l` आलं तर ते 0 आणि 1 असणार, बिनदिक्कत बदलावं. पण `b` च्या जागी 6, `c` च्या जागी `e` असं झालं तर दोन्ही अक्षरं चालणारी आहेत, अंदाजाने दुरुस्त करता येत नाहीत. क्यूआर उघडला असेल तर त्यातलाच आयआरएन घ्यावा आणि छापील ओळीत एक-दोन अक्षरांचा फरक दिसला तर तो वाचनातला दोष समजावा. निम्मीअधिक अक्षरं वेगळी असतील तर कोड दुसऱ्याच बिलाचा चिकटवलेला आहे.

क्यूआर उघडत नाही अशी तक्रार बहुतेकदा चित्राची असते. सहीसकट मजकूर मोठा, म्हणून कोड फार दाट. व्हॉट्सअ‍ॅपवर दाबून आलेल्या फोटोत त्याचे चौकोन एकमेकांत मिसळतात; 300 डीपीआयचा स्कॅन मागवलेला बरा. काही बिलांवर शेजारी यूपीआयचा दुसरा क्यूआरही असतो. उलगडलेल्या मजकुराची सुरुवात `upi://` ने झाली तर तो पैसे देण्याचा कोड आहे.

1 जून 2025 पासून पोर्टल बिल क्रमांकातली लहान अक्षरं मोठी करून मगच हॅश काढतं. बिलावर `ab/12` छापलेलं असेल आणि क्यूआरमध्ये `AB/12` आलं, तर आता त्याला गडबड म्हणायचं कारण नाही.

सही बरोबर, हॅश बरोबर, तारीख बरोबर, तरी बिल रद्द झालेलं असू शकतं. आयआरएन 24 तासांच्या आत रद्द करता येतो आणि आधी छापलेल्या कागदावरचा क्यूआर त्यानंतरही तसाच उघडतो. हे चित्रातून कधीच कळणार नाही, त्यासाठी पोर्टलवरची स्थितीच पाहावी लागते.