शून्यांवरून बिंदू ओळखण्याची गोष्ट

दहावीला बीजगणिताचा पेपर वेगळा आणि भूमितीचा वेगळा, चाळीस-चाळीस गुणांचे. त्यामुळे हे दोन सवते सुभे आहेत असं पुष्कळांच्या डोक्यात कायमचं बसतं. मला ज्या प्रमेयाचं जुनं वेड आहे, ते याच समजुतीला सुरुंग लावतं.

0 ते 1 हा रेषाखंड घ्या, दोन्ही टोकांसकट. त्यावरची संतत फलं म्हणजे ढोबळमानाने पेन न उचलता काढता येणारे आलेख. अशा दोन फलांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार केला तरी संतत फलच मिळतं, म्हणून या सगळ्या गोतावळ्याला वलय म्हणतात. भागाकाराचं मात्र तसं नाही: f कुठेच शून्य होत नसेल, तरच 1/f या वलयात असतं.

आता रेषाखंड कुणीतरी लपवून ठेवला. तुमच्या हाती फक्त बेरीज-गुणाकाराचा हिशोब उरला. त्यावरून हरवलेले बिंदू शोधता येतील का?

एखादा बिंदू c धरा आणि तिथे शून्य होणारी सगळी फलं एका टोळीत घाला. टोळीतल्या दोघांची बेरीज टोळीतच राहते. टोळीतल्या फलाला बाहेरच्या कुठल्याही फलाने गुणा, c वर उत्तर शून्यच येणार. असे दोन गुण असलेल्या टोळीला आयडियल म्हणतात. या टोळीत बाहेरचं एकच फल g घुसवलं, म्हणजे g(c) शून्य नाही, तर काय होतं? कोणतंही h घ्या. h मधून g ची h(c)/g(c) पट वजा केली की उरलेलं फल c वर शून्य होतं, म्हणजे ते टोळीतलंच. म्हणून h सुद्धा आत येतं आणि टोळी अख्खं वलय गिळते. आणखी वाढवायला जागाच नसलेल्या अशा आयडियलला महत्तम म्हणतात.

इथे एक चूक हमखास होते. 0 या बिंदूची टोळी म्हणजे x ची पटीतली फलं, असं वाटतं. पण √x सुद्धा 0 वर शून्य होतं आणि ते x च्या पटीत नाही, कारण √x ला x ने भागलं की 1/√x येतं आणि ते 0 जवळ आकाशाला भिडतं.

खरी गंमत उलट दिशेने आहे. एखाद्या आयडियलमधल्या सगळ्या फलांचं सामाईक शून्य एकही नाही असं समजा. मग प्रत्येक बिंदूसाठी तिथे शून्य नसलेलं एक तरी फल त्यात आहे, आणि संतत असल्यामुळे ते आजूबाजूच्या छोट्या तुकड्यावरही शून्य नाही. रेषाखंड टोकांसह असल्याने असे मोजकेच तुकडे तो पूर्ण झाकायला पुरतात. हा हाइने-बोरेल प्रमेयाचा प्रताप. त्या मोजक्या फलांचे वर्ग करून बेरीज करा. ती सगळीकडे धन, आणि आयडियलमध्येच.

वर्ग कशाला? x(1−x) आणि 2x−1 घ्या. पहिलं टोकांना शून्य, दुसरं मध्यावर. दोघांची नुसती बेरीज x ≈ 0.382 ला शून्य होते, सगळा डाव फसतो. वर्गांची बेरीज मात्र कधीच 1/16 च्या खाली जात नाही. मग तिचा व्यस्त संतत आहे, त्याने गुणलं की 1 मिळतं, आणि 1 आत आला की आयडियल म्हणजे सगळं वलय. म्हणून खऱ्याखुऱ्या लहान आयडियलला सामाईक शून्य असावंच लागतं, आणि महत्तम आयडियल म्हणजे एकेका बिंदूची टोळी, दुसरं काही नाही. गेल्फांड आणि कोल्मोगोरोव यांनी 1939 मध्ये दाखवलं की रेषाखंडासारख्या संहत, म्हणजे असे मोजकेच तुकडे झाकायला नेहमी पुरतात अशा, अवकाशांची पूर्ण ओळख या वलयावरूनच पटते.

('शून्यात विश्व सामावलंय' छापाचे फॉरवर्ड पाठवणाऱ्यांनी हे आपल्या खात्यात जमा करू नये. इथे शून्य म्हणजे f(c)=0, बाकी काही नाही.)

टोकाचा 0 काढून टाकला की ही जादू संपते. फक्त 0 < x ≤ 1 वरची संतत फलं घ्या, आणि त्यातली 0 च्या जवळच्या एखाद्या पट्ट्यात पूर्ण शून्य असणारी गोळा करा. हे आयडियल आहे, त्यात 1 नाही, आणि सामाईक शून्यही नाही: c साठी c/2 पर्यंत शून्य राहून मग सरळ चढणारं फल घ्या, झालं. तुकडे मोजकेच पुरत नाहीत, म्हणून वरची युक्ती अडते. झोर्नच्या प्रमेयानुसार हे आयडियल कुठल्या तरी महत्तम आयडियलमध्ये बसतं, पण ते कुठल्याच बिंदूचं नसतं. त्याने वलय 'भागलं', म्हणजे त्यातल्या फलांना शून्य मानलं, की उरलेल्या अंकगणितात x हे फल शून्य नसतं, धन असतं, आणि तरीही 1/10, 1/1000, 1/1000000 अशा प्रत्येक संख्येपेक्षा लहान असतं.